फोटोतला चौरस: या आठवड्याची नोंद, ०.१८ की ०.३०?

या आठवड्यात चौरसाचं मोजून एकच गणित झालं, पण त्यावर चार संध्याकाळी गेल्या. गणिताचा फोटो आहे, त्यात चौरस, बाजू ३० सेंटीमीटर. कोपऱ्यांवरचे चार्ज असे: अ वर +2, ब वर −2, क वर +2 आणि ड वर +1 मायक्रोकूलोम. ड वरचं परिणामी बल काढायचं आहे. फोटो तिरका घेतलेला असल्यामुळे चौरस पतंगासारखा दिसतो, आणि खालच्या कडेवर सावली पडल्यामुळे तिथली अक्षरं नीट लागत नाहीत.

मी सवयीने अक्षरं गोल फिरवून वाचली: अ, ब, क, ड. मग ड चे शेजारी अ आणि क, आणि कर्णावर समोर ब. शेजारच्या एका चार्जचं बल kq₁q₂/a² ने येतं: 9×10⁹ × 2×10⁻⁶ × 1×10⁻⁶ भागिले 0.09, म्हणजे 0.2 न्यूटन. कर्णाचं अंतर √2 पट, त्याचा वर्ग दुप्पट, म्हणून समोरच्या चार्जचं बल निम्मं, 0.1 न्यूटन. (अंतराचा वर्ग करायचा राहिला की इथे 0.14 येतं. हा आकडा दिसला तर चूक कुठे झाली ते लगेच कळतं.) अ आणि क यांची दोन प्रतिकर्षणं काटकोनात आहेत, त्यांची बेरीज 0.283, कर्णावरून बाहेर. ब आत ओढतो 0.1 ने. उरलं 0.183 न्यूटन.

मागे दिलेलं उत्तर मात्र 0.3 न्यूटन.

पहिला संशय ब च्या उणे चिन्हावर गेला, कारण फोटोत बारीक आडवी रेघ म्हणजे कागदाची घडीही असू शकते. ब धन धरला तर 0.383 येतं. तेही नाही. एककं पुन्हा तपासली, मिलीकूलोम असता तर आकडा लाखो पटींनी वाढला असता. म्हणजे चार्ज बरोबर होते, जागा चुकल्या होत्या.

आकारमानापुरतं पाहिलं तर चौरसावर चार अक्षरं मांडायच्या वेगळ्या रीती फक्त तीनच: ड च्या समोर ब, किंवा अ, किंवा क. फोटो फिरला किंवा आरशासारखा उलटला तरी बलाचं आकारमान बदलत नाही, म्हणून फोटो सरळ करण्यात मी घालवलेला वेळ वाया गेला. बदल होतो तो समोर कोण आहे यावर.

आता अ समोर घ्या. वरची ओळ अ, ब. खालची ओळ क, ड, जसं आपण मजकूर वाचतो तसं. ब ड ला वर ओढतो 0.2 ने, क उजवीकडे ढकलतो 0.2 ने. यांची बेरीज 0.283, दिशा वर-उजवीकडे 45 अंशांत. अ चं 0.1 खाली-उजवीकडे, तेही 45 अंशांत. म्हणजे या दोन बलांमध्ये बरोबर काटकोन! वर्गांची बेरीज 0.08 + 0.01 = 0.09, वर्गमूळ 0.3. क-ड रेषा पुढे वाढवली तर बल तिच्यापासून ब च्या बाजूला सुमारे 25.5 अंशांवर येतं. हे आलं तेव्हा मी कागदावर दोनदा पुन्हा मांडून पाहिलं, इतकं ते नीटनेटकं होतं.

पण इथे एक अडचण आहे. अ आणि क दोन्ही +2 असल्याने क समोर असला तरी आकारमान 0.3 च येतं, फक्त दिशा वेगळ्या कोपऱ्याच्या संदर्भात सांगावी लागते. म्हणजे उत्तर जुळलं तरी मांडणी सिद्ध होत नाही. शेवटी फोटोचा उजेड वाढवून सावलीतलं डावीकडचं अक्षर पाहिलं, ते क आहे. मांडणी ठरली.

ड वरचं क्षेत्र हवं असेल तर बलाला 1 मायक्रोकूलोमने भागा: 3×10⁵ न्यूटन प्रति कूलोम, त्याच दिशेत.

तिरक्या फोटोवर केंद्र शोधायचं असेल तर बाजूंचे मध्य मोजू नका. ते फोटोत सरकतात. दोन कर्ण काढा. त्यांचा छेद तिरक्या फोटोतही खऱ्या केंद्रावरच पडतो. त्रिकोणाला ही सोय नाही, त्यात मध्यगांचा छेदही फोटोत हलतो. म्हणून समभुज आहे असं मजकुरात लिहिलं असेल तर 60 अंश तिथूनच घ्यायचे, कोनमापक फोटोवर ठेवायचाच नाही.

त्रिकोणाचं एकच सोडवलं. बाजू तीच, पायाच्या दोन टोकांना +2 आणि −2, वरच्या टोकाला +1. परिणामी बल पायाला समांतर, धनाकडून ऋणाकडच्या दिशेने, आणि आकारमान एका बलाएवढंच, 0.2 न्यूटन. दोन्ही +2 असते तर पायाला लंब, 0.346 न्यूटन. चिन्ह पुसट असेल तर मागच्या उत्तरातली दिशा पाहूनच ते कळतं, चौरसात मला ती सोय मिळाली नव्हती. पुढे याच चौरसाच्या केंद्रावरचं क्षेत्र काढतेय. अ-ड आणि ब-क अशा दोन जोड्या लावल्यावर पहिली 2×10⁵ आणि दुसरी 8×10⁵ देते, दोन्ही काटकोनात, म्हणून 8.25×10⁵ च्या आसपास यायला हवं.