सीएमएफबी: मीटरवर ४.५ व्होल्ट, आणि दोन्ही आउटपुट नाचतायत

दोन आउटपुटांचा डिफरन्शियल अँप्लिफायर बांधतोय, आणि दोन्ही आउटपुटची सरासरी सप्लायच्या मधोमध धरून ठेवणारा कॉमन-मोड फीडबॅक म्हणजे हा सीएमएफबी. मागच्या वेळी दोन्ही आउटपुट वरच्या रेलला चिकटले होते, ते सुटलं. इनपुटच्या जोडीखालचा करंट सोर्स, म्हणजे टेल, १ मिलीअँप ओढत होती आणि वरचे दोन बीसी५५७ मिळून १.१ देत होते, एवढीच भानगड. जास्तीचा ०.१ दोन्हीकडे अर्धा-अर्धा वाटला तरी नोडच्या ८०केवर ४ व्होल्ट चढतात. ९ व्होल्टच्या सप्लायवर मग जागा उरते कुठे? (ऑनलाइन घेतलेल्या एकाच पाकिटातल्या ट्रान्झिस्टरांचा एचएफई १८० ते ३९०! पुढची खेप सीताबर्डीत जाऊन, मोजूनच घेणार.)

म्हणून १००केच्या दोन रेझिस्टरांनी आउटपुटची सरासरी काढली, एलएम३५८ ऑप-अँपने ती ४.५च्या रेफरन्सशी ताडली आणि त्याचं आउटपुट थेट टेलच्या बेसला दिलं. सरासरी प्लस पायावर, बरं का. टेल एकदा उलटवतेच. मायनसवर दिली की पुन्हा रेलला चिकटलंच.

मीटरवर दोन्हीकडे ४.५. मी खूश. पण स्कोपवर ए वजा बी लावलं तर सिग्नल देऊनही सपाट रेघ. तीन रात्री इनपुटची जोडी बदलत बसलो. बाबा पंप सुरू करायला उठले, म्हणाले, "काय पाह्यतं रे रातभर त्या पेटीत?" वैतागून वजाबाकी बंद केली, तर दोन्ही चॅनल एकाच तालात, रेलपासून रेलपर्यंत, १०० किलोहर्ट्झच्या आसपास आपटत होते! मीटर सरासरी दाखवतं आणि वजाबाकी दोघांतलं सारखं ते गिळून टाकते. दोघांनी मिळून मला फसवलं.

कारण साधं: ऑप-अँपचा प्रचंड गेन, त्यापुढे टेलचा ४० पट, आणि वाटेत आउटपुट नोडचा व सरासरी काढणाऱ्या सेन्स रेझिस्टरांचा असे सिग्नलला मागे पाडणारे दोन पोल. आता टेल दोन भागांत फोडली. ०.८ मिलीअँप कायमचा, उरलेला सुमारे ०.३ एमिटरला ४.७के लावलेल्या वेगळ्या बीसी५४७मधून. ऑप-अँपचा हुकूम फक्त याच्यावर. पुढचा गेन साडेआठवर आला. ऑप-अँपच्या मायनस पायावर रेफरन्स १००केतून आणि आउटपुटपासून १ नॅनोफॅरॅड, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीला तो एक पटच.

आपटणं थांबलं. तपासायला दोन १ मेगमधून दोन्ही आउटपुटना एकच स्क्वेअर वेव्ह दिली, तर कडेला तीन-चार लाटा उठल्या. ब्रेडबोर्डची दहाएक पिकोफॅरॅड सेन्सच्या मधल्या बिंदूवर बसलेली. दोन्ही १००केवर २२ पिकोफॅरॅड टाकताच लाटा गुल. काय सुख!

पण हेच १००के डिफरन्शियल गेन १६०० वरून ९०० च्या आत आणतात. ४७०के लावणार होतो... नको, तो पोल आणखी खाली येईल. त्यापेक्षा दोन्ही आउटपुटवर बीसी५४७चे एमिटर फॉलोअर आणि त्यांच्यामागे २२केचा सेन्स. फॉलोअर ०.६५ व्होल्ट खातात, म्हणून रेफरन्स मात्र ३.८५वर आणावा लागेल.