नाव आवाजातच बसवावं लागतं

"ताई, व्हिडिओ तयार आहेच ना, मग नुसता आवाज काढून ग्रुपवर टाकायला तुम्हाला दोन-दोन दिवस कशाला लागतात? आणि आधी ते बोलणं कशाला, सरळ अभंग लावा की."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि एकदाच नीट सांगते, कारण प्रत्येक वेळी मी "हो हो, बघते" म्हणून विषय संपवलाय.

आवाज काढायला दोन दिवस लागत नाहीत, ते तर एका ओळीचं काम आहे:

```
ffmpeg -i abhang.mp4 -vn -ac 1 abhang.wav
```

चित्र गेलं, आवाज राहिला, झालं. सुरुवातीला मीही एवढंच करायचे. काढलेला आवाज एमपीथ्री केला की ग्रुपवर, तोच पॉडकास्टच्या फीडमध्ये. मला कोणी शहाणपण शिकवायला आलं असतं तर मीच म्हटलं असतं की अभंगाला कसली ओळख लागते, शेवटच्या चरणात संतांनी स्वतःचं नाव घातलेलंच असतं, तुका म्हणे, नामा म्हणे, एका जनार्दनी, आणि त्याच्या आधी माझा आवाज लावणं म्हणजे आगाऊपणा. हे मी खरंच मानत होते आणि अजूनही त्यातलं अर्धं मानते.

2023 च्या आषाढीला चोखोबांचा अभंग केला होता, "ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा". तेव्हा यूट्यूबचा शॉर्ट 60 सेकंदांच्या आत बसवावा लागायचा (तीन मिनिटं 2024 च्या ऑक्टोबरपासून झाली). आमच्याकडे गायलेला अभंग ध्रुवपदाच्या आवर्तनांसकट दोन मिनिटांच्या वर जात होता. मग मी काय केलं, ऊस ठेवला, कमान ठेवली, नदी ठेवली आणि शेवटचा चरण कापला. व्हिडिओत काही बिघडलं नाही असं मला वाटलं, कारण पडद्यावर सुरुवातीपासून मोठ्या अक्षरात "संत चोखामेळा" होतंच, आणि शेवटी पाच सेकंद नुसता अर्थ लिहून येत होता, मागे काहीच आवाज नाही.

त्याच व्हिडिओचा आवाज काढला आणि एकादशीला सकाळी तीन ग्रुपवर टाकला. सोबत वेगळ्या मेसेजमध्ये माहिती लिहिली होती, कोणाचा अभंग, कोणी गायलाय. दुपारी तोच ऑडिओ माझ्याच माहेरच्या ग्रुपवर परत आला, काकूने पाठवलेला, वर लिहिलेलं "तुकोबारायांचा सुंदर अभंग, ऐकाच". फाइलचं नाव `AUD-20230629-WA0041`. म्हणजे मी जे नाव दिलं होतं तेही गेलं, माहितीचा मेसेज कुठेतरी पहिल्याच ग्रुपवर राहिला, कारण लोक ऑडिओ दाबून धरतात आणि पुढे पाठवतात, शेजारचा मजकूर कोणी निवडत बसत नाही. पुढे गेला तो फक्त आवाज, आणि त्या आवाजात चोखोबांचं नाव कुठेच नव्हतं.

मला तेव्हाही फार काही वाटलं नाही, हे खरं सांगते. काकूला दुरुस्ती लिहिली आणि कामाला लागले.

संध्याकाळी फोन आला. मंगळवेढ्याच्या एक बाई, वयस्कर, माझा नंबर त्यांनी कोणाकोणाला विचारत मिळवला होता. त्या रागावल्या नव्हत्या, त्याचंच जास्त लागलं. म्हणाल्या, बाळा, ते शेवटचं कडवं का नाही म्हटलं? मी वेळेचं कारण सांगायला लागले, साठ सेकंद, शॉर्ट, असं काहीतरी, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ऊस ठेवला, नदी ठेवली, आणि चोखा तेवढा काढला. देवळात येऊ दिलं नाही ते नाहीच दिलं, आता अभंगातही नको का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा", ऊस वाकडा पण रस वाकडा नाही, हे सगळे दाखले ज्या ओळीसाठी येतात ती ओळ मी लांबी बसेना म्हणून कापली होती. महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी त्यांची समाधी आहे, आपण सगळे तिथे थांबून नमस्कार करतो, आणि मी कात्री कुठे लावली तर नेमकी तिथे. व्हिडिओत नाव होतं हो, मी त्यांना तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला दिसत नाही आता. मी ऐकतेच फक्त."

तेव्हापासून ऑडिओची आवृत्ती मी व्हिडिओतून काढतच नाही, मूळ पूर्ण रेकॉर्डिंगवरून वेगळी बनवते. वेळ जातो तो इथे. आधी डोळे मिटून व्हिडिओ ऐकायचा आणि चित्रावर टेकलेली प्रत्येक जागा शोधायची. ते पाच सेकंद शांत होते ना, ऐकणाऱ्याला वाटतं संपलं, तो बंद करतो. तो अर्थ आता बोलून सांगते नाहीतर सोडते.

मग ओळख. बारा सेकंदांच्या वर नाही. "संत चोखामेळा यांचा अभंग, ऊस डोंगा परी. मंगळवेढ्याचे चोखोबा. पूर्ण चार चरण." आणि गायकाचं नाव. शुभ सकाळ नाही, आज एकादशी नाही, कारण फॉरवर्ड तीन महिन्यांनी रात्री अकराला पण पोचतो. ओळख सुरुवातीलाच का, तर शेवटपर्यंत न ऐकता पुढे पाठवणारे खूप आहेत.

आणि हे बोलणं अभंगाला जोडणं दिसतं तितकं सोपं नाही. मी घरी खोलीत बोलते, गाणं हॉलमध्ये झालेलं, टाळ-पखवाजासकट. सरळ चिकटवलं तर बोलणं बारीक येतं, ऐकणारा आवाज वाढवतो आणि लगेच टाळ कानात घुसतात. जोडाच्या जागी हात आवाजाच्या बटणाकडे गेला की समजायचं चुकलंय. म्हणून दोन्ही भाग आधी वेगवेगळे मोजून -16 LUFS ला आणते, LUFS म्हणजे कानाला आवाज किती मोठा लागतो त्याचं माप, पॉडकास्टसाठी अ‍ॅपल तेवढीच पातळी सुचवतं, आणि मग जोडते. बोलण्याच्या शेवटच्या दोन सेकंदांखाली तंबोरा हळू सुरू करते, नाहीतर खोली बदलल्याचा झटका कळतो. शेवटी मोनो, 64 केबीपीएस, म्हणजे मिनिटाला साधारण अर्धा एमबी, कोणालाही उतरवता येतो. त्याच्या खाली गेलं की टाळांचा आवाज चरचरायला लागतो, तिथे मी हट्टाने थांबते. आणि ऐकून बघायचं ते हेडफोनवर नाही, आईच्या जुन्या फोनवर, ओट्यावर ठेवून, कारण ऐकणार तिथेच आहेत. त्या स्पीकरवर पखवाजाचा धुमा जवळजवळ येतच नाही, त्यासाठी आवाज फुगवायचा मोह होतो, तो करायचा नाही, शब्द बुडतात.

आता तुम्ही म्हणाल, पूर्ण अभंग लावताच ना, मग नाव शेवटी येतंच, ओळख कशाला. हे मीच मला दर वेळी विचारते. भजनात कोणी ओळख करून देत नाही, तिथे सगळ्यांना पाठ असतं, पण फोनमध्ये एकट्याने ऐकणाऱ्याला नसतं. आणि तरीही चोखोबांचं नाव त्यांच्याच तोंडून, शेवटच्या चरणात पहिल्यांदा ऐकू यावं यात जे आहे ते माझ्या बारा सेकंदांनी थोडं हिरावून घेतलंय, हे मला कळतं. एकजण म्हणतात "मंगळवेढ्याचे" एवढं पुरत नाही, त्यांना देवळाबाहेर का ठेवलं ते पण सांगा. दुसरे म्हणतात भक्तीत ते नको. मी दोन्ही तऱ्हेने रेकॉर्ड करून ठेवलंय. या आषाढीला त्या बाईंना आधी पाठवणार आहे, त्या काय म्हणतात ते ऐकून मग ग्रुपवर.