तिसऱ्या लेण्यातले भिक्षू आणि पुनर्जन्माचा प्रश्न

"सर, बुद्ध आत्मा मानत नाहीत, पुनर्जन्म मात्र मानतात. मग पुन्हा जन्मतो तो कोण?"

या प्रश्नाचे उत्तर मी नाशिकच्या रामकुंडापासून सुरू करतो, कारण आत्म्याविषयीची आपली कल्पना बहुतेक वेळा अशाच एखाद्या घाटावर, कोणाच्या तरी दहाव्याला घडलेली असते. माझ्या आईच्या दशक्रियेला गुरुजींनी दर्भावर भाताचा पिंड ठेवला, त्यावर काळे तीळ वाहायला लावले आणि सांगितले की पहिल्या दिवसाच्या पिंडाने मस्तक तयार होते, पुढच्या दिवसांच्या पिंडांनी एकेक अवयव तयार होतो आणि दहाव्याने तहानभूक लागते. गरुडपुराणातली ही मांडणी मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकली आणि एक गोष्ट लक्षात आली. ज्याला तहानभूक लागते, ज्याला पुढच्या वाटेसाठी देह घडवून द्यावा लागतो, तो आत्मा असू शकत नाही. ज्या आत्म्याला शस्त्र छेदत नाही आणि अग्नी जाळत नाही, त्याला भाताची गरज कशी असेल?

आत्मवादाविषयी पहिला गैरसमज इथेच होतो. आत्मा एका देहातून निघून दुसऱ्या देहात जातो, असे आपण सहज बोलतो. गीतेतला जुनी वस्त्रे टाकून नवी घेण्याचा दृष्टान्तही आपण तसाच वाचतो. परंतु अद्वैत वेदान्तात आत्मा कुठेही जात नाही, कारण तो सर्वत्र आहे आणि त्याच्यात कसलाही बदल होत नाही. प्रवास होतो तो लिंगदेहाचा. पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये, पाच प्राण, मन आणि बुद्धी अशा सतरा घटकांचा हा सूक्ष्म देह संस्कार घेऊन पुढे जातो. घडा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेला तर घड्यातले आकाश हलल्यासारखे वाटते, तसा आत्मा हलल्यासारखा वाटतो. न्यायमतातही आत्मा विभू, म्हणजे सर्वव्यापी, आहे, म्हणून नव्या देहाशी जोडले जाते ते अणुरूप मन. जीव अणू आहे आणि तो खरोखर प्रवास करतो, असे रामानुज आणि मध्व मानतात, हे खरे. तरीही त्यांच्या मतात जीवाचे मूळ स्वरूप बदलत नाही.

म्हणजे आत्मवादी आणि बौद्ध या दोन परंपरांमधला वाद प्रवास कोणाचा होतो यावर जितका वाटतो तितका नाही. संस्कार पुढे जातात आणि कर्माचे फळ मिळते, हे दोघांनाही मान्य आहे. वाद असा आहे की या सगळ्या बदलामागे, बदल ज्याच्यासमोर घडतात असे, स्वतः न बदलणारे काही मानावे लागते की नाही.

हा मुद्दा मी आपल्या भागातल्या द्राक्षबागेवरून समजावतो. वेलीची खरड छाटणी एप्रिलमध्ये होते. त्यानंतर जी नवी काडी फुटते तिच्या डोळ्यांत उन्हाळ्यातच घडाची सुरुवात होते, पण तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. ऑक्टोबरची छाटणी झाली की त्याच डोळ्यांतून फूट निघते, घड बाहेर येतो आणि माल फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतो. उन्हाळ्यात आभाळ बरेच दिवस ढगाळ राहिले किंवा काडीकडे दुर्लक्ष झाले, तर ऑक्टोबरनंतर कितीही मेहनत केली तरी घडांची संख्या कमीच राहते. एप्रिल-मेमधल्या ज्या उन्हाने आणि अन्नरसाने डोळा घडवला, ते ऊन आणि तो रस फेब्रुवारीच्या मण्यांत शोधून सापडणार नाहीत. त्यांचा परिणाम मात्र निश्चितपणे आलेला असतो. केलेल्या कर्माचे फळ, काहीही जसेच्या तसे इकडून तिकडे न जाता, असे मिळू शकते.

यावर आत्मवादी लगेच म्हणेल, "पण खोड तर तेच आहे ना?" हा आक्षेप हलका नाही. न्यायदर्शनाने तो फार नेमकेपणाने मांडला आहे: जे मी डोळ्यांनी पाहिले तेच मी आता हाताने स्पर्शतो आहे, असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा पाहणे आणि स्पर्श ही दोन वेगळी ज्ञाने एकत्र आणणारा कोणीतरी एक असलाच पाहिजे. कर्माबाबत हाच आक्षेप आणखी टोकदार होतो. करणारा एक आणि भोगणारा दुसरा असेल, तर पहिल्याचे केलेले वाया जाते आणि दुसऱ्याला न केलेले भोगावे लागते. परंपरेत या दोषाला कृतहान आणि अकृताभ्यागम म्हणतात.

बौद्धांचे उत्तर असे की खोडही तेच नाही. दरवर्षी त्यावर नवा थर चढतो, साल सुटते, आतला रस बदलतो. 'तेच खोड' हा शब्द आपण एका अखंड चालू राहिलेल्या क्रमाला दिलेला आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रात्रभर जळणाऱ्या दिव्याविषयी विचारतो की पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का. राजा नाही म्हणतो. मग दिवे वेगवेगळे होते का, यालाही तो नाहीच म्हणतो. तोही नव्हे आणि दुसराही नव्हे, असे नागसेन म्हणतो ते या अर्थाने. आंबे चोरणारा माणूस तिथे बचाव करतो की मालकाने लावले ते आंबे वेगळे होते आणि मी नेले ते वेगळे. राजा त्याला तरीही दोषी ठरवतो, कारण नंतरचे आंबे आधीच्या आंब्यांमुळेच झाले. कृतहानाच्या आक्षेपाला हेच उत्तर लागू पडते. फळ त्याच प्रवाहात येते, शेजारच्या वेलीवर येत नाही.

इथे एक गोष्ट निसटू नये. आत्मवादात मृत्यू ही वेगळी घटना आहे, कारण न बदलणारा तसाच राहतो आणि त्याच्याभोवतीचा देह बदलतो. बौद्ध मतात मृत्यूच्या वेळी तत्त्वतः नवे काही घडत नाही. एक चित्तक्षण संपतो आणि त्याच्यामुळे दुसरा उद्भवतो, हे आता, हे वाक्य वाचतानाही चालू आहे. म्हणून मागच्या जन्मीचा तो आणि या जन्मीचा मी यांचे नाते पाळण्यातले मूल आणि आजचा मी यांच्या नात्याहून वेगळ्या जातीचे नाही. पुढच्या जन्मी भोगणारा मी नसेन तर मी कशाला काळजी करू, असे विचारणाऱ्याला मी विचारतो की म्हातारपणातल्या गुडघ्यांची काळजी तो आज का करतो.

मात्र याचा अर्थ विज्ञान, म्हणजे जाणीव, नावाची एखादी वस्तू जन्मोजन्मी फिरते, असाही नाही. मच्छीमाराचा मुलगा असलेल्या साति नावाच्या भिक्षूने नेमके हेच म्हटले होते की तेच विज्ञान संसारात धावते, आणि बुद्धांनी त्याला कठोर शब्दांत फटकारले. विज्ञान कारणांवर अवलंबून उद्भवते. लाकडावर पेटला तो लाकडाचा अग्नी, गवतावर पेटला तो गवताचा. मोलियफग्गुन या भिक्षूने वेदनेविषयी, म्हणजे सुखदुःखाच्या अनुभवाविषयी, "वेदना कोण अनुभवतो?" असे विचारले तेव्हा बुद्ध म्हणाले की हा प्रश्नच योग्य नाही, वेदना कशामुळे होते, असे विचार. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे मूळ उत्तर या दुरुस्तीत आहे. मराठीत 'जन्मतो' म्हटले की कर्ता लागतोच, पण ती व्याकरणाची गरज आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पुनर्जन्म कशाचा, असा प्रश्न घेऊन भौतिक घटकांच्या दिशेने उत्तर दिले आणि त्याच आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला. पाली परंपरेतल्या विज्ञानप्रवाहापेक्षा त्यांची मांडणी वेगळी आहे. पण 'कोण' सोडून 'कशाचा' असे विचारणे हे दोन्हीकडे समान आहे.

आता नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्याविषयी. हे लेणे गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी दान दिले, आणि लेखात ते कोणाला दिले हेही कोरलेले आहे: भदावनीय, म्हणजे भद्रायणीय या बौद्ध पंथाच्या भिक्षुसंघाला. तुम्ही विचारता तो प्रश्न ज्यांना बौद्ध असूनही स्वस्थ बसू देत नव्हता, त्या वात्सीपुत्रीय परंपरेची ही एक शाखा. नुसता प्रवाह म्हणून भागत नाही, असे या परंपरेचे म्हणणे होते. बांधला जातो आणि सुटतो तो पुद्गल, म्हणजे व्यक्ती, मानलाच पाहिजे. हा पुद्गल स्कंधांहून, म्हणजे शरीर-मनाच्या पाच घटकसमूहांहून, वेगळा नाही आणि स्कंधच आहे असेही नाही. तो अवक्तव्य, म्हणजे दोन्हींपैकी कसाही सांगता न येणारा, आहे. अग्नी हा सरपण नव्हे, आणि सरपणावाचून अग्नीही नाही, तसे. वेलीच्या भाषेत सांगायचे तर वेल म्हणजे मूळ, खोड, काडी, पाने यांपैकी काहीही नाही, आणि हे सगळे काढून घेतले तर वेल उरत नाही.

त्यांचा मोठा आधार भारसुत्त हे बुद्धवचन होते. त्यात पाच उपादानस्कंधांना भार म्हटले आहे आणि भार वाहणारा म्हणून पुद्गलाचा उल्लेख आहे: अमुक नावाचा, अमुक गोत्राचा आयुष्मान. वाहणारा आणि भार एकच कसे असतील, असा त्यांचा प्रश्न होता. विरोधकांनी उत्तर दिले की 'अमुक नावाचा, अमुक गोत्राचा' हे शब्दच सांगतात की ही व्यवहाराची भाषा आहे. कथावत्थू या पाली वादग्रंथातला पहिला आणि सर्वांत लांबलेला वाद पुद्गलावरच आहे. वसुबंधू या बौद्ध आचार्याने आपल्या अभिधर्मकोश या ग्रंथाच्या शेवटी हाच पेच टाकला: तुमचा पुद्गल रूपासारखी स्वतंत्र वस्तू आहे, की दुधासारखे केवळ घटकांच्या समूहाला दिलेले नाव? वस्तू असेल तर तुम्ही आत्मवादाकडे निघालात, आणि नाव असेल तर आपला वादच नाही.

पुद्गलवाद्यांचे स्वतःचे वाङ्मय बहुतेक नष्ट झाले असून काही थोडे चिनी भाषांतरांत उरले आहे, त्यामुळे त्यांची बाजू आपण मुख्यतः विरोधकांच्या तोंडून ऐकतो. तरीही त्यांना लपलेले आत्मवादी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आत्मा ओळखण्याची खूण सोपी आहे: स्कंध पूर्णपणे बाजूला केले तरी तो जसाच्या तसा उरला पाहिजे. पुद्गल तसा उरतो, असे ते म्हणत नव्हते. तर्काच्या बाजूने मी वसुबंधूबरोबर आहे. पण एका आईच्या दहाव्याला उभा राहिलेला माणूस 'कशामुळे' या उत्तरावर थांबत नाही आणि पुन्हा 'कोण' असे विचारतो, हे भद्रायणीयांनी गंभीरपणे घेतले, त्याचे मोल मला वाटते.

पुढच्या खेपेला लेण्यात शिरण्यापूर्वी व्हरांड्याच्या खाली पाहा. जोत्याच्या दर्शनी भागावर सहा पुरुष कोरलेले आहेत. कमरेच्या खालचे त्यांचे शरीर जणू जमिनीत आहे आणि वर तुळयांचे ओझे आहे. भारसुत्ताशी त्यांचा संबंध आहे, असा दावा मी करत नाही, कारण असे भारवाहक इतर शिल्पांतही दिसतात. पण वर राहणारे भिक्षू रोज भिक्षेला जाता-येता त्यांच्या जवळून जात असणार. त्यातल्या एकाकडे थोडा वेळ पाहा: पुरुष, तुळई आणि जोते एकाच अखंड खडकातून काढलेले आहेत, आणि तरीही पाहताक्षणी आपल्याला एक वाहणारा दिसतो आणि एक ओझे दिसते.