पोळ्याच्या पावसात आलेला पावतीचा फोटो

मी परभणी जिल्ह्यात एक सेवा केंद्र चालवतो, सातबारा, आधार, पॅन, आणि खरीप आलं की पीकविम्याचे अर्ज. जुलैमध्ये गर्दी असते ती अर्ज भरायची, पण खरं काम सुरू होतं ते पाऊस झाल्यावर, कारण तेव्हा लोक कपाटातनं पावती काढून बघतात आणि बहुतेकांनी ती पहिल्यांदाच वाचलेली असते.

२०२४ चा पोळा ज्यांना आठवतो त्यांना तो पाऊसही आठवत असेल. २ सप्टेंबरला सोमवारी पोळा होता आणि त्याच्या आदल्या दिवशीपासून परभणी, हिंगोली, नांदेडकडं असा काही कोसळला की नदीनाले सगळे शेतात. मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास व्हॉट्सअपवर एक फोटो आला, जवळच्याच गावातल्या एका काकांच्या सुनेनं पाठवलेला. खाली एकच ओळ, "दादा मुदत गेली का हो, बाबा म्हणतात आता काही मिळत नाही."

फोटो म्हणजे घडी घातलेल्या पावतीचा, बल्बच्या उजेडात काढलेला, मधल्या घडीवर चमक आलेली आणि खालचा सूचनांचा भाग कापलेला. अर्ज क्रमांकातले दोन आकडे तर ३ आहेत का ८ तेच कळेना. मी तिला आधी पावती सपाट करून, दारात ठेवून, वरनं सरळ फोटो काढायला सांगितलं आणि अर्ज क्रमांक वेगळा टाईप करून मागवला. अर्ज क्रमांकात एक आकडा चुकला तर पुढं काहीच उघडत नाही आणि अशा वेळी एकेक तास महत्त्वाचा असतो.

दुसरा फोटो आला तेव्हा कळलं काकांनी कशावरनं मुदत गेली म्हटलं ते. पावतीवर ३१ जुलै २०२४ ही तारीख होती. ती विम्यात भाग घ्यायची शेवटची तारीख, आधी १५ जुलै होती ती वाढवून ३१ केलेली. काकांनी ती "विमा मागायची शेवटची तारीख" म्हणून वाचली आणि गप बसले. शेजाऱ्यानंही मान डोलावली. असं खूप जणांचं होतं, कारण पावतीवर छापलेली तारीख तीच एक ठळक असते, आणि जी मुदत खरी महत्त्वाची ती तारीख म्हणून कुठंच छापलेली नसते. छापणार कशी, ती पाऊस कधी येतो त्याच्यावर ठरते. खालच्या सूचनांत बारीक अक्षरात असतं ते एवढंच की नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवा. आणि फोटोत नेमका तोच भाग कापलेला.

मी फोन लावला. पहिला प्रश्न, पाणी शेतात कधी शिरलं? ती म्हणाली रविवारी रात्री जेवणं झाल्यावर ओढा फुटला, अकराचा सुमार असेल. म्हणजे ७२ तास बुधवारी रात्री अकराला संपतात. मंगळवारचे साडेचार वाजलेले, हातात तीस तास. हे तीन दिवस घटनेपासून मोजायचे, पाणी ओसरल्यापासून किंवा तुम्ही शेतात जाऊन बघितल्यापासून नाही. तिनं विचारलं, "पाऊस तर सोमवारीबी होता, सोमवार टाकला तर?" मी सांगितलं नाही ताई, पाणी ज्या रात्री शिरलं तीच तारीख टाका. महसूल मंडळाचा पाऊस रोजच्या रोज नोंदलेला असतो, पंचनाम्याला आलेला माणूस तारीख विचारतो, शेजारच्या शेतकऱ्यानं रविवार सांगितलेला असतो, मग आपलीच नोंद वेगळी दिसते.

तेवढ्यात काकांनी फोन घेतला. त्यांना मुदतीपेक्षा आकड्यांचा राग होता. "पावतीवर सत्त्याहत्तर हजार लिहिलेत, पुन्हा राज्याचे पाच हजार आन केंद्राचे चार हजार, हे कधी येणार?" (इथले आकडे मी थोडे गोल करून सांगतोय, हिशोब समजावा म्हणून.)

राज्य आणि केंद्राचा आकडा बघून असं वाटणारे काका एकटे नाहीत. पावतीवर फार्मर शेअर, स्टेट शेअर, गव्हर्नमेंट ऑफ इंडिया शेअर असे तीन रकाने असतात, लोकांना वाटतं शेअर म्हणजे आपल्याला मिळायचा हिस्सा. तो विमा कंपनीला भरायच्या हप्त्यातला वाटा आहे. काकांची दोन गटांत मिळून १.४० हेक्टर सोयाबीन, हेक्टरी ५५,००० धरले तर विमा संरक्षित रक्कम ७७,०००. हप्त्याचा दर १२ टक्के धरला तर कंपनीला द्यायचे ९,२४०. खरीपातल्या धान्य आणि तेलबियांना पंतप्रधान पीक विमा योजनेत शेतकऱ्याचा वाटा जास्तीत जास्त २ टक्के, म्हणजे १,५४०, पण २०२३ च्या खरीपापासून राज्यानं एक रुपयाची योजना आणली होती म्हणून काकांचा १ रुपया आणि बाकीचे १,५३९ राज्याकडनं. उरलेले १० टक्के म्हणजे ७,७०० राज्य आणि केंद्रानं अर्धे अर्धे उचलायचे, ३,८५० प्रत्येकी. म्हणून राज्याचा आकडा ५,३८९ आणि केंद्राचा ३,८५०. हे पैसे काकांच्या खात्यात येणारच नाहीत, ते काकांच्या नावानं कंपनीकडं गेलेत. मी हे फोनवर सांगितलं तेव्हा काका थोडा वेळ गप होते, मग म्हणाले, "म्हणजे माझा रुपया असला तरी माझ्या रानाचे नऊ हजार गेलेत की." हो काका, म्हणूनच एक रुपया भरलाय म्हणून सोडून द्यायचं नाही.

आता ७७,०००. ही रक्कम वरची मर्यादा आहे, सगळं पीक सगळ्या क्षेत्रावर गेलं तर. काकांच्या पावतीवर दोन ओळी होत्या, ओढ्याकाठचा गट ०.८० हेक्टर आणि वरचा माळाचा गट ०.६० हेक्टर. पाणी शिरलं ते ओढ्याकाठी, त्यामुळं विषय आला ४४,००० वर. तिथंही वरच्या अंगाचं पीक उभं होतं, बुडालेलं सव्वा एकर म्हणजे ०.५० हेक्टर, तेवढ्याचे २७,५००. त्यात नुकसान किती टक्के ते पंचनाम्यात ठरतं, समजा ६० टक्के, तर १६,५००. आणि पुढची गोष्ट कुणी सांगत नाही, अशा स्थानिक आपत्तीत पीक ज्या अवस्थेत आहे तोपर्यंत जेवढा खर्च झाला त्या प्रमाणात भरपाई धरतात, कारण काढणी, मळणी, वाहतुकीचा खर्च अजून झालेलाच नसतो. समजा ७० टक्के खर्च झालेला धरला तर ११,५५०. हे ६० आणि ७० मी समजवायला घेतले, पण ७७ हजारातनं ११ हजार कसे होतात हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पैसे जमा झाल्यावर माणसाला वाटतं मधल्यामध्ये कुणीतरी खाल्ले. एक दिलासा असतो, हंगामाच्या शेवटी पीक कापणी प्रयोगावरनं, म्हणजे मंडळातल्या निवडक शेतांत पीक कापून उत्पादन मोजतात त्यावरनं, मंडळाची भरपाई जास्त निघाली तर त्यातला फरक मिळतो.

काका म्हणाले, "मग दोन्ही गट टाक ना, कोण बघतंय." मी स्पष्ट नाही म्हटलं. माळावर पाणी साचलेलं नव्हतं, पंचनाम्याला माणूस आला की उभं पीक दिसतं आणि मग ओढ्याकाठच्या खऱ्या नुकसानीवरही शंका येते.

नुकसानीची सूचना कंपनीला द्यायची कशी, तर १४४४७ ला फोन, किंवा क्रॉप इन्शुरन्स ॲप, किंवा बँक, कृषी कार्यालय, कंपनीच्या तालुका प्रतिनिधीकडं लेखी. १४४४७ त्या दिवशी लागतच नव्हता, अख्खा मराठवाडा एकाच वेळी फोन करत होता. ॲपवरनं मला केंद्रात बसून करता आलं नसतं, कारण फोटो आणि व्हिडिओ शेतातनं काढायचा, ठिकाण त्याच्यासोबत जातं. गावात लाईट नव्हती, सुनेच्या फोनला थोडीच चार्जिंग उरलेली आणि ओढ्याकाठी रेंज नाही.

बुधवारी सकाळी ती आणि तिचा नवरा चिखलातनं गेले. मी तिला आदल्या रात्रीच एकेक स्क्रीन सांगून ठेवलेली: खरीप, २०२४, राज्य, मग अर्ज कुठून केला तिथं सीएससी म्हणजे आमच्यासारखं सेवा केंद्र, मग अर्ज क्रमांक, मग दोन्ही गट दिसतील त्यातला ओढ्याकाठचाच निवडायचा, गट नंबर पावतीवरच्या ओळीशी जुळवून. कारण विचारतं तिथं Inundation, म्हणजे शेत पाण्याखाली जाणं. तिथं पावसाची वेगवेगळी कारणं असतात आणि घाईत भलतंच दाबलं जातं, मग स्थानिक आपत्तीत न बसणारं कारण पडलं की सूचना नाकारली जाते. फोटोत नुसतं पाणी नको, पाण्यातलं पीक दिसलं पाहिजे, बांध किंवा ओळखीचं झाड मागं असलं तर आणखी चांगलं. फोटो ओढ्याकाठी काढले पण सबमिट व्हायलाच तयार नाही, गोल गोल फिरत राहिलं, शेवटी ती बांधावरनं वर चढत माळाच्या गटापर्यंत गेली तेव्हा कुठं गेलं. अकरा वाजता डॉकेट आयडीचा, म्हणजे सूचनेच्या नोंद क्रमांकाचा, स्क्रीनशॉट आला. मी तिला तो नंबर पावतीच्या मागं पेननं लिहायला सांगितला, कारण फोन बिघडतो, मेसेज डिलीट होतो, आणि पुढं कुठंही विचारायला गेलं की पहिल्यांदा डॉकेट नंबरच मागतात.

नियमानं सूचना मिळाल्यापासून ४८ तासांत नुकसान बघणारा माणूस नेमायचा आणि १० दिवसांत पाहणी संपवायची. इथं उशीर झाला, पाणी ओसरून पीक पिवळं पडलं, शेंगा काळ्या झाल्या. म्हणून मी त्यांना रोज सकाळी त्याच जागेवरनं फोटो काढून ठेवायला सांगितलं होतं. पाहणीला माणूस आला तेव्हा काकांनी ते दाखवले आणि पंचनाम्यावर सही करायच्या आधी बाधित क्षेत्र आणि टक्केवारी दोन्ही मोठ्यानं वाचून घेतलं. कोऱ्या रकान्यावर सही करायची नाही हे मी त्यांना बजावलं होतं. क्षेत्र ०.५० च लिहिलेलं होतं.

एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे, जुन्या पावतीचा नियम नव्या पावतीला लावू नका. २०२५ च्या खरीपाला राज्यात एक रुपया बंद झाला, शेतकऱ्याचा २ टक्के वाटा परत आला, आणि वैयक्तिक सूचनेवर मिळणारी स्थानिक आपत्तीची भरपाई वगळून फक्त पीक कापणी प्रयोगावरची ठेवली. त्यामुळं पावती हातात आली की कुठलं वर्ष, कुठला हंगाम हे आधी बघायचं आणि त्या हंगामात कुठल्या जोखमी आहेत ते विचारूनच ७२ तासांचं गणित मांडायचं.

त्या वर्षी मात्र तीच पावती पुन्हा लागली. ऑक्टोबरमध्ये माळावरची सोयाबीन कापून पडलेली आणि पाऊस आला. काढणीनंतरच्या नुकसानीला कापणीपासून १४ दिवस असतात, पीक शेतातच वाळायला पसरलेलं किंवा लहान पेंढ्यांत असलं पाहिजे, मोठी सुडी रचली की ते चालत नाही, आणि कळवायचं पुन्हा ७२ तासांतच. सुनेचा फोन आला तो विचारायला नव्हता. "दादा, कापून सहावा दिवस होता, पसरलेलंच होतं, माळाचा गट निवडला, डॉकेट आलाय, मागं लिहून ठेवलाय. ओढ्याकाठच्या पंचनाम्याची कॉपी कुठं मागायची तेवढं सांगा."