बेडकाचं कार्ड उचललं तेव्हा

सहावीच्या वर्गासाठी मी अन्नसाखळीचा पत्त्यांचा खेळ बनवला, त्यात एका संचात 14 कार्डं होती. गवत, धान्याचं रोप आणि झुडूप ही तीन हिरव्या कडेची. मग नाकतोडा, अळी, ससा, उंदीर. त्यांच्यानंतर बेडूक, सरडा, चिमणी, आणि वरच्या फळीत साप, घुबड, गरुड. चौदावं कार्ड बुरशीचं. प्रत्येक कार्डावर चित्र आणि खाली एकच ओळ, 'काय खातो'. 'कोण याला खातं' हे मुद्दाम लिहिलं नाही, ते मुलांनी दुसऱ्या कार्डावरून शोधायचं होतं.

पहिल्या फेरीत गटागटाने सर्वांत लांब साखळी लावायची होती. लगेच दोन गोष्टी दिसल्या. एका गटाने बुरशीचं कार्ड सुरुवातीला ठेवलं, कारण चित्रात छत्रीसारखी अळंबी जमिनीतून उगवलेली होती. जमिनीतून उगवतं ते झाड, म्हणजे उत्पादक. त्यांचं चुकलं असं मी म्हटलं नाही, फक्त "कार्डाची खालची ओळ मोठ्याने वाचा," एवढंच सांगितलं. 'मेलेली झाडं, मेलेले प्राणी' असं वाचून झाल्यावर त्यातलाच एक म्हणाला, "मग ही स्वतःचं अन्न बनवत नाही, बाई." कार्ड आपोआप मागे गेलं.

दुसरी गोष्ट बाणाची, आणि ती दरवर्षीचीच. साप बेडकावर झडप घालतो म्हणून बाण सापाकडून बेडकाकडे. मुलांच्या लेखी बाण म्हणजे हल्ला. 'बाण ऊर्जेच्या वहनाची दिशा दाखवतो' हे वाक्य त्यांना पाठ असतं, तरी हात उलटा बाण काढतो. म्हणून मी कागदाच्या पट्ट्यांचे सुटे बाण केले होते आणि एकच प्रश्न विचारत फिरले, "घास कुणाच्या पोटात गेला?" बाणाचं टोक त्या पोटाकडे. पट्टी हाताने फिरवून ठेवावी लागते, त्यामुळे उलटी ठेवली तर शेजारचाच ओरडतो. वहीत काढलेला उलटा बाण मात्र आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

सर्वांत लांब साखळी पाच कार्डांची निघाली: गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड. इथपर्यंत तास पुस्तकाप्रमाणे चालला होता.

दुसऱ्या फेरीत सगळ्यांनी मिळून एकच संच जमिनीवर मांडला आणि जे जे कोण खातं त्या सगळ्यांचे बाण लावले. बुरशी सोडून 23 बाण झाले. बुरशीकडे प्रत्येक कार्डाकडून बाण येतो म्हटल्यावर मुलांनी तेरा पट्ट्या लावायला नकार दिला आणि तिला बाजूला बसवलं, 'सगळ्यांचा हिशेब करणारी' म्हणून. मला ते पटलं.

आता नियम असा, की मी एक कार्ड उचलणार, आणि ज्याच्याकडे येणारे सगळे बाण गेले ते कार्ड उपाशी म्हणून पालथं. मी आधी धान्याचं रोप उचललं. उंदीर पालथा पडला, कारण आमच्या संचात त्याला दुसरं खाणंच नव्हतं. मुलं खूश. ते परत ठेवून मी बेडूक उचलला. साप पालथा पडणार अशी सगळ्यांची अटकळ होती. पण सापाकडे उंदराचा आणि सरड्याचा बाण शाबूत होता. एकही कार्ड पालथं पडलं नाही.

"म्हणजे बेडूक गेला तरी काही होत नाही?" एका मुलाने विचारलं. नियमाप्रमाणे उत्तर 'नाही' असंच होतं. तेवढ्यात मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "होतं की. नाकतोड्यांची चैन."

माझा नियम बाणाच्या दिशेनेच चालत होता. अन्न गेलं तर खाणारा उपाशी, एवढंच त्याला कळत होतं. शत्रू गेला तर काय, हे त्यात नव्हतं, आणि ती मुलगी बाणाच्या उलट दिशेने चालत गेली होती. मी डब्यातली लाल आणि हिरवी बटणं काढली. संख्या वाढेल असं वाटलं तर हिरवं, घटेल वाटलं तर लाल. मात्र बटण ठेवताना 'कारण' म्हणून तोंडाने कारण सांगायचंच.

नाकतोडा आणि अळीवर हिरवी बटणं आली. त्यामुळे गवत, धान्य आणि झुडपावर लाल. धान्य घटलं म्हणून उंदरावर लाल. मग चिमणीवर हिरवं, कारण तिला किडे जास्त. लगेच कुणीतरी नाकतोड्यावर हिरव्याशेजारी लाल ठेवलं, कारण चिमण्या वाढल्या. इथे पहिली कुजबुज झाली. एकाच कार्डावर दोन रंग कसे?

खरं भांडण उंदरावर झालं. एक मुलगा म्हणाला, बेडूक मिळत नाही म्हणून साप उंदीरच जास्त खाणार, तेव्हा उंदरावर आणखी एक लाल. समोरची मुलगी म्हणाली, बेडूक नाही म्हणजे सापाला खाणं कमी, साप घटणार, तेव्हा उंदरावर हिरवं. दोघंही हटेनात. मी विचारलं, "हे दोन्ही एकाच दिवशी होईल का?" थोडं थांबून ती मुलगी म्हणाली, "नाही. आधी त्याचं होईल. माझं नंतर, सापाला पिल्लं कमी झाल्यावर." उंदराचं कार्ड त्यांनी मग दोनदा मांडलं, 'लगेच' आणि 'पुढच्या वर्षी'.

शेवटी उंदीर वाढले की घटले? हे मुलांना हवंच होतं, आणि ते आमच्या कार्डांवरून निघत नाही. कोण कुणाला खातं हे बाण सांगतो, किती खातं हे सांगत नाही. दोन कारणं विरुद्ध ओढत असली की प्रमाण माहीत असल्याशिवाय निकाल लागत नाही. मी तसंच सांगितलं. अर्धा वर्ग नाराज झाला.

"खरंच कुणी एक कार्ड उचलून बघितलंय का?" बेडकाबद्दल विचारणाऱ्याच मुलाने विचारलं. बघितलंय. रॉबर्ट पेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1963 मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खडकांवरून एका जातीचे तारामासे पहारीने उचकटून समुद्रात फेकायला सुरुवात केली. शेजारचा तेवढाच तुकडा तसाच ठेवला. हा तारामासा इतर प्राण्यांबरोबर खडकांना चिकटणारे शिंपलेही खातो. तो गेल्यावर पुढे शिंपल्यांनी बाकीच्यांची जागा बळकावली. 1966 मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात 15 जातींच्या आठ उरल्या होत्या.

मुलांचा हिशेब ताबडतोब सुरू झाला. "पण शिंपल्यांनी त्यांना खाल्लं नाही ना? मग बाण कुठला?" बाण नाहीच. ती जागेसाठीची मारामारी आहे, आणि आमच्या पट्ट्यांमध्ये तिच्यासाठी काही सोय नव्हती. एकाने ठिपक्यांची रेघ सुचवली आणि खडूने जमिनीवर ससा आणि नाकतोड्यामध्ये ओढलीही, दोघं एकच गवत खातात म्हणून. मग ती सरडा आणि चिमणीमध्ये गेली, साप आणि घुबडामध्ये गेली, आणि घंटा होईपर्यंत बाणांपेक्षा ठिपकेच जास्त दिसायला लागले.

पुढच्या तासाला मी फक्त एक लेखी प्रश्न दिला: गरुडाचं कार्ड उचला, उंदरावर कोणतं बटण ठेवाल, दोन कारणं द्या. बहुतेकांनी हिरवं लिहिलं, गरुड उंदीर खातो म्हणून. काहींनी लाल लिहिलं, गरुड नाही म्हणजे साप वाढले म्हणून. दोघांनाही पूर्ण गुण दिले. उलटा बाण दोन वह्यांत होता, त्या मुलांना पट्ट्या देऊन बसवलं.