आमची वाटचाल: साठ जागा आणि पाच हॅशटॅग

आमच्या व्यायामाच्या स्टुडिओत एका वेळी १२ जण मावतात. दिवसाला पाच वर्ग, म्हणजे एकूण ६० जागा. दर महिन्याला चार-पाच जण सोडून जातात, तेवढेच नवे आले की वर्ग भरलेले राहतात. धंद्याचं सगळं गणित एवढंच. पहिली दोन वर्षं इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकताना मात्र हे गणित आम्हाला आठवत नव्हतं.

तेव्हा एका पोस्टला ३० हॅशटॅग लावता यायचे आणि आम्ही तिसाच्या तीस लावायचो. धाकट्या भावाने मोबाइलच्या नोट्समध्ये यादीच करून ठेवली होती: #fitness, #gym, #workout, #fitnessmotivation अशी. पोस्ट कुठलीही असो, खाली तीच यादी चिकटवायची. एकदा आमच्या ट्रेनरचं डेडलिफ्टचं रील चाळीस हजारांच्या वर गेलं. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. त्या आठवड्यात चौकशीच्या वहीत नवं नाव एकही नाही. मेसेज एक आला, तोही दुसऱ्या खंडातून: सकाळच्या वर्गाची फी किती?

माणसं आमच्याकडे पंधरा मिनिटांच्या अंतरावरून येतात. त्यापलीकडचं कुणी महिनाभर टिकत नाही, हे वही चाळली तरी कळतं. म्हणजे आमचं गिऱ्हाईक एका छोट्या वर्तुळात राहतं आणि आम्ही हाक मारत होतो साऱ्या जगाला. #fitness या टॅगखाली ५० कोटींहून जास्त पोस्ट आहेत. तिथे वर दिसतात ती लाखो फॉलोअरवाली खाती. आमची पोस्ट तिथे टाकणं आणि न टाकणं सारखंच. वर "प्रमोट करून देतो" म्हणणाऱ्या बॉटच्या कमेंट येतात त्या वेगळ्या.

मग आम्ही दुसरं टोक गाठलं. आपल्या भागाच्या नावाला fitness जोडलं, की झाला स्थानिक टॅग! त्याखाली मोजून काहीशे पोस्ट होत्या. उघडून पाहिलं तर निम्म्या घरं विकणाऱ्या दलालांच्या, काही त्याच नावाचा भाग असलेल्या दुसऱ्या शहरातल्या आणि शेवटची पोस्ट चार महिन्यांपूर्वीची. जागा रिकामी होती खरी, पण तिथे कुणी फिरकतही नव्हतं.

या दोन टोकांच्या मध्ये काय आहे ते शोधायला आमची एक पद्धत बसली. टॅग वापरण्याआधी त्याचं पान उघडायचं आणि वरच्या १२ पोस्ट बघायच्या. आपलं रील यांच्या शेजारी शोभेल का? यातल्या दोन-तीन तरी खाती आपल्याएवढी लहान आहेत का? पोस्ट ताज्या आहेत का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे पान कोण बघत असेल, ग्राहक की ट्रेनर? शहराच्या नावाला gym जोडलेला टॅग या शेवटच्या प्रश्नावर नापास झाला. तिथे शहरातल्या सगळ्या जिम एकमेकांना जाहिराती दाखवत बसल्या होत्या. एखाद्या टॅगच्या पानावर जवळजवळ काहीच दिसत नसेल आणि पोस्ट लपवल्याची सूचना असेल, तर त्यावर इन्स्टाग्रामने बंधन घातलेलं असतं. तो सोडून द्यायचा.

खरा शोध लागला तो शहराच्या नावाला runners जोडलेल्या टॅगमध्ये. तिथे व्यायामशाळा नव्हत्याच. सकाळी पळणारी माणसं आपले फोटो टाकत होती, एकमेकांना ओळखत होती आणि त्यातल्या बऱ्याच जणांची गुडघा दुखण्याची तक्रार होती. आपल्या धंद्याचं नाव शोधत बसण्यापेक्षा गिऱ्हाईक स्वतःला काय म्हणवतं ते शोधावं, हे तेव्हा ध्यानात आलं. अर्थात तिथे डेडलिफ्टचं रील टाकून चालणार नव्हतं. ट्रेनर म्हणाली, "ताई, टॅग रनर्सचा लावायचा तर रीलही रनर्सचंच पाहिजे." म्हणून पोटरीचे आणि एका पायावरचे व्यायाम दाखवणारं वेगळं रील केलं.

त्या रीलला पाचच टॅग लावले. शहर-runners हा एक. भागाच्या नावासोबत शहराचंही नाव असलेला दुसरा, म्हणजे दुसऱ्या शहराशी गोंधळ टळला. तिसरा #strengthforrunners, विषय नेमका सांगणारा. चौथा #strengthtraining, मोठा आहे, पण रील कशाबद्दल आहे हे कळायला एखादा असा चालतो. पाचवा स्टुडिओचा स्वतःचा. लोकेशन वेगळं जोडता येतंच, त्यासाठी टॅग खर्च करायची गरज नाही. पाच हा आकडा मनाचा नव्हे. इन्स्टाग्रामच्याच क्रिएटर्स खात्याने २०२१ मध्ये ३ ते ५ टॅग पुरेत असं सांगितलं होतं. आम्हीच ऐकलं नव्हतं.

रील दोन हजारांच्या आसपास थांबलं. भावाचं तोंड उतरलं. पण Insights मध्ये पोहोचलेल्या लोकांची शहरं पाहिली तर आपलं शहर पहिल्यांदाच सगळ्यात वर. पुढच्या दहा दिवसांत वहीत सहा नावं आली, त्यातली चार पळणाऱ्यांची. ही करामत एकट्या टॅगची, असं मी म्हणणार नाही. रीलही वेगळं होतं, आणि टॅगचा वाटा सुटा करून मोजायचा मार्ग आमच्याकडे नाही. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीही हॅशटॅगने रीच फारशी वाढत नाही असं बऱ्याचदा सांगितलंय. आमच्या लेखी टॅग म्हणजे दुकानाची पाटी: गर्दी खेचत नाही, पण आत काय मिळतं ते सांगते. म्हणून कॅप्शनच्या पहिल्या ओळीतही आता भागाचं नाव आणि व्यायामाचा प्रकार साध्या शब्दांत लिहितो, कारण लोक सर्चमध्ये तेच शब्द टाकतात.

एक फजिती सांगायलाच हवी. चाळिशीनंतरच्या वर्गासाठी आम्ही फार विचार करून #strength-over-40 असा टॅग ठरवला आणि दोन महिने वापरला. हायफनपाशी टॅग तुटतो हे कुणाला माहीत! निळा दिसत होता तो फक्त #strength. म्हणजे सगळ्यात नेमका म्हणून निवडलेला टॅग आम्हाला पुन्हा त्याच अफाट गर्दीत नेऊन सोडत होता. आता पोस्ट टाकल्यावर प्रत्येक टॅगवर एकदा बोट ठेवून बघतो. तोच टॅग #StrengthOver40 असा केला. मोठ्या अक्षरांमुळे शब्द वेगळे दिसतात आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनाही नीट ऐकू येतात.

स्वतःच्या टॅगचंही तसंच. आधी निवडलेलं नाव एका गाण्याच्या ग्रुपचं निघालं, मग बदललं. सभासद हौसेने तो लावतात, पण ज्यांचं खातं प्रायव्हेट आहे त्यांच्या पोस्ट त्या पानावर दिसत नाहीत. एका काकूंनी "माझा फोटो का नाही दिसत?" म्हणून चक्क फोन केला, तेव्हा हे कळलं.

चौकशीच्या वहीत आता "कुठून कळलं?" असा रकाना आहे. नुसतं "इन्स्टाग्राम" असं उत्तर आलं तर ट्रेनर पुढे विचारते, काय शोधत होता? तिथे लिहिलेले शब्द भाऊ दर महिन्याच्या शेवटी यादीशी ताडून पाहतो. गेल्या महिन्यात "पाठदुखी" चार वेळा आलंय, आणि आमच्या पाचांत पाठीबद्दल एकही टॅग नाही.