कुंकू उठलं पाहिजे: पेपरातल्या जाहिरातीसाठी आत्याचा फोटो तयार करताना

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात घरातलं कोण गेलं की पेपरात जाहिरात द्यायचीच, पण त्यातला फोटो बघून निम्म्या वेळा ओळखच पटत नाही, खालचं नाव वाचल्यावर कळतं कोण ते. टोपी दिसते, मिशी दिसते आणि मधे सगळं काळं. मग लोक म्हणतात पेपरवाल्यांनी घाण छापला. थोडं खरं आहे ते, पण बराचसा फोटो प्रेसला जायच्या आधीच गेलेला असतो. मी लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन करतो, त्यामुळं आत्या गेली तेव्हा उत्तरकार्याच्या जाहिरातीचा फोटो करायचं काम आपसूक माझ्याकडं आलं.

मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, एकच गोष्ट सांगितली. "कुंकू तेवढं दिसाय पायजे बघ. बाकी कसा पण येऊ दे." आत्या अहेवपणी गेली, जाहिरातीत नावाआधी कै. सौ. लागणार, आणि फोटोत कपाळ मोकळं दिसलं तर गल्लीत चार बायका विचारणारच. ऐकायला सोपं वाटतं, पण ब्लॅक अँड व्हाइट छपाईत लाल कुंकू हीच पहिल्यांदा गायब होणारी गोष्ट आहे.

आधी कागदाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. पेपरचा कागद पातळ, करडा आणि शाई पिणारा. फोटो छापतात तो बारीक ठिपक्यांनी, आणि ठिपका कागदाला लागला की पसरतो. त्याला डॉट गेन म्हणतात. फाइलमध्ये 50 टक्के काळा असलेला भाग पेपरात 75 टक्क्यांच्या आसपास जातो, 30 चा जवळजवळ 50 होतो. गव्हाळ रंगाचं तोंड नेमकं याच मधल्या पट्ट्यात असतं, म्हणून सगळ्यात जास्त मार त्यालाच बसतो. वर आणि पेपरचा पांढरा हा पांढरा नसतो आणि काळा पण धड काळा नसतो, त्यामुळं स्क्रीनवर जेवढा फरक दिसतो त्यातला बराच छापताना दाबला जातो. स्क्रीनवर छान दिसणारा फोटो तसाच पाठवला की काळवंडणार, हे धरूनच चालायचं.

फोटो निवडताना घरात चर्चा झालीच. चुलत वहिनीचं म्हणणं, फ्रेममधला स्टुडिओचा फोटो घ्या, त्यात आत्या नीट नटलेली आहे. पण त्यात समोरून फ्लॅश मारलेला, तोंड सपाट, नाक कुठं संपतं ते कळत नाही, आणि काचेवरून मोबाइलनं काढला की वर ट्यूबलाइटची रेघ. मी घेतला तो भाच्याच्या साखरपुड्यातला, दारातल्या कट्ट्यावर बसलेली, उजेड एका बाजूनं, एक गाल उजळ आणि दुसऱ्यावर हलकी सावली. असल्या उजेडात तोंडाला आकार असतो आणि खराब छपाईत तोच थोडाफार टिकतो. लोक "क्लियर फोटो द्या, जास्त मेगापिक्सेलचा द्या" म्हणतात त्यात तेवढा दम नाही. जाहिरातीत फोटो 3.2 बाय 4 सेंटीमीटर येणार होता, पेपरला इंचाला 200 पिक्सेल भरपूर झाले, म्हणजे सगळे मिळून साधारण 252 बाय 315 पिक्सेल. एवढे कुठल्या पण मोबाइलमध्ये असतात. फक्त ग्रुप फोटोतून तोंड कापून काढायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली कॉपी नको, त्यात गालावर चौकोनी डाग पडलेले असतात. मी भाच्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवली.

क्रॉप एकदम जवळून केला, डोक्यावर थोडी जागा आणि खाली खांद्यापर्यंत. इरकलीचा काठ दिसू दे असं वहिनीला वाटत होतं, पण काठ घेतला की तोंड लहान होतं, आणि तोंड लहान झालं की सगळंच गेलं. आत्याचं तोंड साधारण दोन सेंटीमीटर आलं, कुंकू दीड मिलिमीटर. आता हिशोब बघा. पेपरात इंचाला ठिपक्यांच्या 85 ओळींचा स्क्रीन धरला तर एक ठिपका 0.3 मिलिमीटरचा, म्हणजे अख्खं कुंकू आडवं पाचच ठिपक्यांत बसवायचं. डोळ्यातला पांढरा भाग तर त्याहून कमी. एवढ्याशा जागेत बारीकसारीक फरक टिकत नाहीत, फरक ठळकच लागतो.

मग फोटोशॉपमध्ये रंग काढायचं काम. बरेच जण सरळ `Grayscale` करून सोडतात, किंवा तोंड गोरं दिसावं म्हणून फोटोच्या लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन थरांतला, म्हणजे चॅनेलमधला, फक्त लाल घेतात. लाल चॅनेलमध्ये कातडी उजळ येते, डाग पण झाकतात, म्हणून मोह होतोच. पण लाल कुंकू पण त्यात उजळच येतं, आणि कपाळात मिसळून जातं. हिरव्या चॅनेलमध्ये उलटं, कुंकू काळं उठतं पण तोंड पण काळं आणि सुरकुत्या डबल. मी `Channel Mixer` मध्ये `Monochrome` ला टिक करून लाल 70, हिरवा 30 करून बघितलं तर कुंकू होतं पण अगदी पुसट, छपाईत गेलंच असतं. लाल 50, हिरवा 50, निळा 0 ठेवल्यावर फरक पडला. निळा चॅनेल घ्यायचाच नाही, मोबाइलच्या फोटोत सगळा खरखरीतपणा त्याच्यातच असतो.

यानंतर मोड `Grayscale` केला. हे आवर्जून करायचं, कारण दिसायला ब्लॅक अँड व्हाइट असलेली फाइल आतून रंगीतच राहिली आणि रंगीत पानावर गेली तर चार शायांमध्ये छापते, आणि एखादी शाई जरा सरकली की डोळ्याच्या कडेला निळी-लाल रेघ येते.

मग `Curves`. इथं डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, `Info` पॅनेल उघडून कर्सर तोंडावर फिरवायचा आणि किती टक्के काळं आहे तो आकडा बघायचा. कपाळ 35 टक्के होतं, सावलीतला गाल 65, कुंकू 60. मधला भाग उचलत कपाळ 20 वर आणलं आणि सावलीतला गाल 45 वर. कपाळावर जिथं उजेड चमकतो तिथं 5 च्या खाली जाऊ दिलं नाही, कारण फार बारीक ठिपका छापतच नाही आणि तिथं कोड आल्यासारखा पांढरा चट्टा दिसतो. काळ्या बाजूला 90 च्या वर काही ठेवलं नाही, त्याच्यापुढं ठिपके एकमेकांत मिसळून नुसता गोळा होतो. स्क्रीनवर आता फोटो उन्हात राहून विटलेल्या कॅलेंडरसारखा दिसत होता. वहिनी मागून बघून म्हणाली, "हे काय, आत्या एवढी फिकी कशी केलास?" तिला सांगितलं, पेपर आला की बोल.

पण तोंड उजळलं तसं कुंकू पण 60 वरून 38 वर आलं. म्हणून तेवढंच सिलेक्ट करून, कडा किंचित मऊ ठेवून, 70 पर्यंत गडद केलं. पूर्ण काळं करायचं नाही, मग चिकटवल्यासारखी टिकली दिसते. डोळ्यांच्या खोबणी थोड्या उघडल्या, बुबुळ 85 ठेवलं आणि त्यातला उजेडाचा ठिपका जरा मोठा केला. भुवया आणि ओठांची मधली रेघ थोडी गडद. यापलीकडं तोंडाला हात लावला नाही, सुरकुत्या पुसल्या की ते माणूस राहत नाही.

बॅकग्राउंडला मागं दार आणि लोकांचे हात होते ते काढले. आत्याचे केस पांढरे, मागं कोरा पांढरा ठेवला असता तर डोकं कागदात विरलं असतं. म्हणून केसांच्या मागं 25 टक्के करडा, खाली खांद्याकडं उतरत 10. पांढरी टोपी घातलेल्या आजोबांच्या फोटोला पण हेच करावं लागतं. आमच्याकडच्या डीटीपीवाल्यांना डोक्यामागं निळं आभाळ आणि तेजोवलय टाकायची भारी हौस, ते ब्लॅक अँड व्हाइटमध्ये बरोबर गालाच्याच शेडचं होतं आणि मग तोंडाची कडाच सापडत नाही. फुलांची बॉर्डर, दोन बाजूला समया, हे पण नको म्हणून सांगितलं. फोटोची जागा खातात.

शार्पनिंग शेवटी, फोटो खऱ्या साइजला आणल्यावरच. `Unsharp Mask` मध्ये `Amount` 150, `Radius` 1, `Threshold` 3. स्क्रीनवर जरा टोचतं, पापण्या तारेसारख्या दिसतात, पण ठिपका पसरला की ते मऊ होतं.

पाठवायच्या आधी एक टेस्ट केली. फाइलची कॉपी घेऊन `Bitmap` मोडमध्ये `Output` 600 ठेवून `Halftone Screen` निवडला, `Frequency` 85, `Angle` 45, `Shape` ला `Round`, आणि झेरॉक्सच्या दुकानात लेझर प्रिंटरवर खऱ्या साइजला प्रिंट काढला, स्केल 100 टक्के, `Fit to page` बंद. कागद मुद्दाम स्वस्तातला करडा घेतला. तो हातभर लांब धरून बघायचा, पेपर वाचतो तसा. कुंकू दिसत होतं, डोळे दिसत होते, हनुवटीखाली जरा जड वाटलं. ही ठिपकेवाली फाइल फक्त बघायला, प्रेसला चुकूनही पाठवायची नाही. तिकडं तिच्यावर दुसरे ठिपके चढतात आणि तोंडावर चटई विणल्यासारखी नक्षी येते. जुन्या पेपरातलं कात्रण स्कॅन करून वापरलं तर तीच गत.

फाइल टिफमध्ये मेलनं पाठवली आणि जाहिरात लावणाऱ्या पोराला फोन केला. एवढंच विचारलं की तू फोटो उजळतोस काय? तो म्हणाला, "सगळेच काळे येतात म्हणून आम्ही ब्राइटनेस वाढवूनच लावतो की." बरं झालं विचारलं. दोन ठिकाणी उजळलं असतं तर कपाळ कोरंच गेलं असतं. आहे तसाच लाव, कोरलमध्ये साइज पण ओढू नको, असं सांगितलं.

पेपर आला तेव्हा कुंकू स्पष्ट होतं. मामांनी चष्मा लावून बघितलं आणि घडी घालून ठेवला, बोलले काही नाहीत. सावलीतला गाल मात्र हनुवटीजवळ बुजला होता, आणि निपाणीच्या भावाकडं आलेला अंक आमच्यापेक्षा बराच काळा निघाला, शाई जास्त पडलेली, तिथं केस आणि बॅकग्राउंड जवळजवळ एकच झालेले. मशीनवर शाई किती सुटते ते आपल्या हातात नाही, म्हणून थोडी ढील ठेवावी लागते. वर्षश्राद्धाच्या जाहिरातीसाठी मी तीच फाइल काढून ठेवलीय, सावलीतला गाल 45 वरून 38 केला आणि केसांमागचा करडा 25 चा 30.